रील टाकण्याआधी: पहिली ओळ आणि आवाजाचं नाव

समजा, बडोद्यातल्या तांबेकर वाड्याच्या भित्तिचित्रांवर अर्ध्या मिनिटाचं रील करायचंय. इन्स्टाग्राम उघडण्याआधी एक वाक्य कागदावर लिहून काढा: बघणाऱ्याला काय कळायला हवं? उदाहरणार्थ, ‘बडोदा संस्थानच्या दिवाणाच्या घराच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत.’ पुढचं सगळं या वाक्याला धरून ठरवायचं.

आवाज आधी पक्का करा. कॅप्शन नंतर कधीही बदलता येतं, पण टाकलेल्या रीलचा आवाज बदलायचा म्हणजे रील काढून पुन्हा टाकणं आलं. नावाशेजारी वर जाणारा बाण असलेलं चालतं गाणं घेतलं, की रीलच्या तळाशी आवाजाच्या लेबलवर त्या गाण्याचंच नाव येतं. ते नाव आपल्याला बदलता येत नाही, आणि त्यावर बोट ठेवलं की माणूस थेट त्याच गाण्यावरच्या बाकी रील्समध्ये जातो. नवरात्रात तर विचारूच नका, वाडा गरब्यात हरवतो.

म्हणून वाड्याबद्दल स्वतः बोला, किंवा लाकडी जिन्याचा, पावलांचा आवाज तसाच ठेवा. गाणं न जोडता टाकलं की लेबल येतं `Original audio`, आणि हे नाव मात्र आपलं आपल्याला देता येतं. तिथे ‘तांबेकर वाडा, बडोदा: भित्तिचित्रं’ असं लिहा. हे नाव एकदाच बदलता येतं, तेव्हा शुद्धलेखन आधी तपासा. गाणं हवंच असेल, तर बोलण्याच्या खाली अगदी मंद ठेवा. तरीही लेबलवर गाणं दिसणारच, हे धरून चला. मग विषयाचा सगळा भार कॅप्शनवर येतो.

कॅप्शन लांबलचक लिहायला हरकत नाही, पण रीलवर दिसते साधारण पहिली ओळ, बाकी `more` मागे दडते. ‘आज काहीतरी खास दाखवते’ ही ओळ तिथे वाया जाते. ‘तांबेकर वाडा, बडोदा (वडोदरा): भिंतींवरची जुनी चित्रं’ असं लिहा. शहराची दोन्ही नावं राहू द्या, कारण आपल्या घरात बडोदा असलं तरी शोधणारा वडोदराही टाइप करतो. हॅशटॅग शेवटी, तेही विषयाचेच, गाण्याचे नकोत.

बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून वाड्याचं नाव पहिल्याच फ्रेमवर अक्षरांत टाका. ते अगदी तळाशी नको, तिथे कॅप्शन आणि लेबल त्यावर चढतात.

टाकायच्या आधी घरच्या कुणाला तरी चित्र हाताने झाकून फक्त कॅप्शन आणि लेबल वाचायला द्या. रील कशावर आहे ते सांगता आलं नाही, तर पहिली ओळ पुन्हा लिहा. टाकल्यावर प्रतिक्रिया बघा: ‘गाणं कोणतं?’ असं विचारणारेच जास्त दिसले, तर निदान कॅप्शन तरी लगेच सुधारा. ‘वाडा कुठे आहे, आत जाता येतं का?’ असं विचारू लागले, तर पत्ता पिन करून ठेवा.