पट्टीच्या वादाचं पत्र धाडण्याआधी

सही, तारीख, पिनकोड हे सांगायला नको. मागच्या खेपेला माझं घोडं अडलं ते आतल्या मजकुरापाशी. वाशीच्या दलालाने हापूसच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, पेट्या कमी दाखवल्या होत्या. मी पत्र धाडलं, पावती जपली, आणि तो म्हणाला, "पाकीट आलं, पण आत कोरा कागद होता." पावतीवर नाव, पिनकोड, वजन असतं, मजकूर नसतो.

म्हणून पाकीटच नको. पत्र घडी घालून चिकटवा आणि त्याच्याच पाठीवर पत्ता लिहा. वकील मंडळींची ही जुनी रीत. झेरॉक्स काढायची ती सही केल्यानंतर, घडी घालण्याआधी.

पोस्टात 'रजिस्टर' मागाल तर १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच गेलंय. काउंटरवर "नोंदणी आणि पोच, दोन्ही पाहिजेत" असं स्पष्ट सांगा, नाहीतर नुसतं स्पीड पोस्ट हातात पडेल. पावतीवरचा तेरा अक्षरी क्रमांक तिथेच उभं राहून झेरॉक्सवर लिहा. घरी गेल्यावर नाही, तिथेच! पावतीचा फोटोही लगेच काढा, कारण तो कागद आपल्या दमट हवेत पावसाळाभरात पांढराफटक होतो.

कुरिअर? पत्र लवकर पोचवायला ठीक. पण नीट पत्ता घालून, टपालखर्च भरून नोंदणीने टाकलेलं पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो (जनरल क्लॉजेस अॅक्टचं कलम २७), तो आधार कुरिअरला नाही. गाळ्यावरच्या हमालाने सही केली तर ती कोणाची, हे तुम्हीच शोधत बसा.

ईमेल मात्र जोडीला हवाच, आणि पोस्टानंतर त्याच दिवशी. सही केलेल्या पत्राचा स्कॅन जोडायचा आणि मजकुरात लिहायचं, 'हेच पत्र अमुक क्रमांकाने आज टपालात टाकलं.' कोऱ्या कागदाची सबब इथे लंगडी पडते. ईमेलचा पत्ता पट्टीवर छापलेला किंवा दलालाने स्वतः दिलेला घ्या. कुठून तरी मिळवलेल्या पत्त्यावर धाडलंत तर त्याने ते उघडलं हे दाखवायची पाळी तुमच्यावर येते. पाठवलेला मेल पुसू नका. स्क्रीनशॉटवर भागत नाही; कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

आणि झेरॉक्सवर क्रमांक लिहिलात ना? बघा परत.

पुढचं थोडक्यात. ट्रॅकिंगमध्ये 'पोचलं' दिसलं की पान छापून घ्या, ते कायम राहत नाही. पत्र 'घेण्यास नकार' शेरा मारून परत आलं तर चिडून फोडू नका. तो शेरा तुमच्या बाजूचा आहे. बंदच ठेवा, कोर्टातच फोडायचं. पोचेची चिठ्ठी, पट्टी, झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत. क्रमांक लिहिलेली झेरॉक्स सगळ्यात वर.