साठ पानांना शंभर पानांचा दर? छोट्या केटरिंग ऑर्डरीत या चुका टाळा

फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “दादा, ताटाला काय घेणार?” मेनूचं नंतर, तारखेचं त्याहून नंतर. नवा केटरर तिथंच एक आकडा सांगून मोकळा होतो. शंभर पानांच्या साखरपुड्याला २४० घेतले होते, पाहुणे खूश होते, मग आताही २४०. फोन ठेवता ठेवता पलीकडून येतं, “आमची पन्नास-साठच माणसं आहेत हं, घरगुतीच आहे.” घरगुती आहे म्हणून टेम्पोवाला भाडं कमी घेत नाही, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात येत नाही.

मग रविवारभर राबायचं, जेवणाची तारीफ ऐकायची आणि सोमवारी गणपती पेठेतल्या किराण्याचं बिल भागवलं की हात रिकामे. संशय जातो तेलाच्या भावावर, नाहीतर आचाऱ्याच्या सढळ हातावर. खरं दुखणं ओळखायचं असेल तर वही काढून एवढंच बघा: मोठ्या ऑर्डरींत पैसे उरतात आणि साठ-सत्तरच्या ऑर्डरींत नाहीत, असं आहे का? तसं असेल तर दोष स्वयंपाकात नाही, दर काढण्यात आहे.

पहिली चूक: सगळा खर्च एकाच ढिगात टाकणं

एक उदाहरण धरू. विश्रामबागेत वास्तुशांत आहे, साठ पानांची पंगत. पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, मसालेभात, साधं वरण-भात, कोशिंबीर, पापड, जिलेबी आणि मठ्ठा. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

पहिला ढीग पानागणिक वाढणारा. किराणा, भाजी, दूध-दही, जिलेबी, पत्रावळ-द्रोण असा माल एका पानाला ८६ रुपये. पण कोणी मोजून साठच पानांचं शिजवत नाही. दहा टक्के जास्त शिजवायचं, म्हणजे ६६ पानांचं. ती सहा पानं खाल्ली गेली काय आणि उरली काय, माल तर लागलाच. म्हणून ८६ नव्हे, साधारण ९५ धरायचे. हे नऊ रुपये विसरणारे पुष्कळ आहेत.

दुसरा ढीग पानं किती यावर फारसा न हलणारा. आचारी २,५००. दोन मदतनीस बायका १,२००. तीन वाढपी १,८००. टेम्पो जाऊन-येऊन १,५००. मोठी भांडी, शेगड्या, टेबलं यांचं भाडं १,६००. गॅस ९००. बेरीज ९,५००. त्यात स्वतःची मजुरी १,५०० धरा. बाजारहाट, उभं राहून काम करून घेणं आणि रात्री भांड्यांची मोजदाद हे दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्यानं पैसे घेतलेच असते. एकूण ११,०००.

गॅसचा आकडा अंदाजानं धरू नका. १९ किलोचा निळा सिलिंडर कामाआधी आणि कामानंतर वजनकाट्यावर ठेवा. नऊ किलो जळला आणि सिलिंडर १,९०० ला पडत असेल तर खर्च ९०० झाला. दोन-तीन ऑर्डरी असं वजन केलं की तुमच्या शेगड्या एका पंगतीला किती खातात ते कळतं. घरगुती लाल सिलिंडरच्या भावानं हिशेब करायचा नाही. तो धंद्याला वापरायला मुळात परवानगीच नाही.

आता ११,००० वेगवेगळ्या पानांवर वाटून बघा. शंभर पानं असली तर एका पानावर ११० येतात, वर ९५, म्हणजे खर्च २०५. प्रत्यक्षात शंभराला एखादा वाढपी जास्त लागेल, तरी २४० मध्ये काम परवडतं. साठ पानांवर तेच ११,००० वाटले की पानाला १८३ येतात आणि खर्च २७८ वर जातो. चाळीसला तो ३७० होतो. मेनू तोच आणि चवही तीच, तरी पानाचा खर्च एवढा बदलतो. साठ पानांना २४० घेतले तर येणार १४,४०० आणि जाणार १६,७००. त्या दरानं नुसतं बरोबरीत यायलासुद्धा ७६ पानं लागतात (२४० मधून ९५ गेले की १४५ उरतात, त्यानं ११,००० ला भागा).

दुसरी चूक: किमान पानांचा आकडा तोंडाला येईल तो सांगणं

समजा तुम्ही २७८ वर थोडे ठेवून ३४० दर काढला. साठ पानांना ३,७०० उरतात, ठीक आहे. पण “कमीत कमी पन्नास हं” असं सवयीनं बोलून गेलात तर काय होतं? दर पानामागे ३४० वजा ९५, म्हणजे २४५ रुपये दुसऱ्या ढिगाकडे जातात. ११,००० भरून निघायला ४५ पानं लागतात. पन्नासला उरणार १,२५०. तेवढ्यासाठी वास्तुशांतीच्या मुहूर्ताचा रविवार अडकवायचा का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. त्याच दिवशी दुसरी ऑर्डर येणार असते आणि ती सोडावी लागते.

म्हणून किमान आकडा बरोबरीच्या पानांवर ठेवायचा नाही. त्या दिवशी तुम्हाला कमीत कमी किती उरायला हवेत ते ठरवा. ३,००० हवे असतील तर ११,००० आणि ३,००० मिळून १४,०००, भागिले २४५. उत्तर येतं ५८. गोल करून साठ सांगा. यजमानाने “साठच का?” विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असतं, आणि उत्तर असलेला माणूस फोनवर डगमगत नाही.

तिसरी चूक: किमान आकडा सांगायचा, पण त्याला तारीख न लावणं

सर्वांत जास्त पैसा इथं बुडतो. साठ ठरले आणि पाऊस लागला, किंवा मिरजेत भाऊकीतलंच दुसरं कार्य निघालं, आणि जेवायला आले ४२. यजमान म्हणतात, “दादा, बेचाळीसच पानं झाली की, तेवढ्याचे घ्या.” बेचाळीसचे १४,२८० झाले. तुमचा खर्च मात्र १६,७००, कारण ६६ पानांचं शिजून तयार आहे. २,४२० खिशातून.

इथं कोणी म्हणेल, चार दिवस आधी कळवलं असतं तर माल तरी वाचला असता. वाचला असता, पण नुकसान टळलं नसतं. बेचाळीस पानांचा माल ३,९९०, वर ते ११,०००, मिळून १४,९९०. हातात १४,२८०. तरीही ७१० कमीच. आगाऊ निरोपानं पहिला ढीग लहान होतो, दुसरा नाही. त्यामुळे अट दुहेरी हवी: बिल ठरलेल्या पानांचं किंवा प्रत्यक्ष झालेल्या पानांचं, जे जास्त असेल त्याचं. आणि चार दिवस आधी अंतिम आकडा, त्यानंतर आकडा वाढेल, कमी होणार नाही. चार दिवस का, तर त्यानंतर वाढप्यांना शब्द दिलेला असतो आणि किराणा भरायला सुरुवात होते.

चौथी चूक: टप्प्याटप्प्यानं दर उतरवणं

काही जण हुशारी करून दरपत्रक काढतात. ७५ पर्यंत ३४०, त्यापुढं ३००. आता ७५ पानांचे होतात २५,५०० आणि ७६ पानांचे २२,८००. यजमान हिशेबात तुमच्यापेक्षा कच्चा नसतो. तो ७६ सांगणार, आणि बरोबरच करणार.

त्यापेक्षा पहिल्या साठ पानांची एक गठ्ठा रक्कम सांगा आणि पुढच्या पानांना वेगळा, बराच कमी दर लावा. साठ पानांचे २०,४००, त्यापुढं प्रत्येक पान १७०. पुढच्या पानाला तुमचा खर्च ९५ च आहे, त्यामुळे त्यात पानामागे ७५ उरतात आणि यजमानालाही माणसं वाढवायला जड जात नाही. ७५ पानांना त्याला सरासरी ३०६ पडतात. ‘भांडी-टेम्पोचे वेगळे’ असं सांगूनही हाच हिशेब मांडता येतो, पण आपल्याकडे ते ऐकलं की माणूस बिचकतो. त्याला वाटतं, अजून काय काय वेगळं निघणार कोण जाणे.

न हलणारा ढीगसुद्धा एका मर्यादेपर्यंतच स्थिर असतो. तीन वाढपी ७५ पानांची पंगत ओढतात, पुढं चौथा लागतो. त्याचे ६०० भरून यायला आठ जास्तीची पानं लागतात, म्हणून ते आधीच सांगून ठेवा. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय भांडी चढवायची असतील, किंवा दाट मुहूर्ताचा दिवस असून वाढपी जास्त मागत असतील, तर मागच्या ऑर्डरीचे ११,००० तसेच उचलू नका.

घासाघीस आली तर कुठून कमी करायचं

“तीनशे करा ना” म्हणजे साठ पानांवर २,४०० सोडायचे, उरणाऱ्या ३,७०० मधले. नुसता दर उतरवण्याऐवजी काम कमी करा. जिलेबी काढली आणि मालात १८ वाचत असतील तर दर १८ नेच उतरवा, चाळीसनं नाही. त्यापेक्षा दुसऱ्या ढिगात हात घाला. पंगतीऐवजी बुफे केला तर तिघांच्या जागी एक वाढपी चालतो, १,२०० वाचतात, म्हणजे पानाला वीस. मात्र बुफेत लोक ताटात जास्त घेतात, त्यामुळे जिलेबीपाशी माणूस उभा राहू द्या.

लहान मुलांना अर्धा दर मागितला जातो. मूल माल अर्धा खातं हे खरं, पण वाढप्याचा आणि टेम्पोचा वाटा त्याच्याही पानावर आहेच. ३४० मधले चाळीस कमी करा, १७० नाही. फोटोग्राफर, गुरुजी, ड्रायव्हर यांची पानं आकड्यात धरली का, हे आधीच विचारून घ्या. पानं मोजताना माणसं मोजत बसू नका. दिलेल्या पत्रावळी वजा उरलेल्या पत्रावळी, यजमानाच्या घरातल्या एकाला समोर बसवून.

हे सगळं बोलून झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी पाठवा. मजकूर असा पुरतो:

“वास्तुशांत, विश्रामबाग, पंगत. किमान ६० पानं, एकूण २०,४०० रुपये. त्यापुढं प्रत्येक पान १७०. ७५ च्या वर गेल्यास एका वाढप्याचे ६०० जास्त. अंतिम आकडा चार दिवस आधी कळवावा, नंतर कमी होणार नाही. आयत्या वेळी १० टक्क्यांपर्यंत जास्तीची पानं होतील, त्याहून जास्त जमणार नाही. १०,००० आगाऊ, उरलेले जेवण वाढण्याआधी.”

जीएसटी नोंदणी असेल तर ‘अधिक जीएसटी’ हे याच निरोपात लिहा. आगाऊ रक्कम १०,००० का, तर ऑर्डर आदल्या दिवशी मोडली तर तोवर भरलेला माल आणि माणसांना दिलेला शब्द त्यातून निघायला हवा. दोन हजारांच्या विसारात टेम्पोचं भाडं जेमतेम सुटतं.