कापडावरचा आणि लाकडावरचा हॉट ग्लू काढताना या चुका टाळा

ग्लू गनमधून पडलेला थेंब काढायला बसलं की बहुतेक जण अल्कोहोलची बाटली घेतात, थेंबावर ओततात आणि तो विरघळायची वाट बघतात. तो विरघळत नाही. मग नखांनी, सुरीने, सँडपेपरने झटापट सुरू होते आणि ग्लूपेक्षा जास्त नुकसान या झटापटीत होतं.

हॉट ग्लू हे मेणासारखं वितळणारं प्लॅस्टिक आहे. गनमधून ते साधारण १२० ते १९० अंश सेल्सिअसला पातळ होऊन बाहेर येतं, खालच्या वस्तूच्या खाचाखोचांत शिरतं आणि थंड झाल्यावर तिथेच घट्ट होतं. त्याची पकड बरीचशी या शिरकावाची असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल या प्लॅस्टिकला विरघळवू शकत नाही, पण ग्लू आणि खालचा पृष्ठभाग यांच्या मधल्या बारीक फटीत ते झिरपतं आणि पकड सोडवतं. म्हणून अल्कोहोल थेंबाच्या डोक्यावर ओतून काही उपयोग नाही, ते कडेला जायला हवं. आणि कड उघडण्यासाठी आधी बर्फ लागतो.

चूक पहिली: बर्फ दोन मिनिटं लावून खरवडायला लागणं

सामान्य तापमानाला ग्लू रबरासारखा लवचिक असतो. ओढला की ताणतो आणि कापडाचे धागे सोबत घेऊन येतो. थंड झाला की तो ताठ होतो, जरासा आकसतो आणि कडेने सुटू लागतो. नाण्याएवढ्या, तीन-चार मिलिमीटर जाड थेंबाला यासाठी पाच ते दहा मिनिटं लागतात. बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेंबावर दाबून धरा. उघडा बर्फ ठेवला तर पाणी पसरतं, कच्च्या लाकडाची लव उभी राहते आणि नंतर टाकलेलं अल्कोहोलही पातळ होतं.

कापड असेल तर बर्फापेक्षा फ्रीझर चांगला, कारण बर्फाची पिशवी शून्य अंशाच्या आसपास असते आणि फ्रीझर साधारण उणे १८ला. कापड पिशवीत गुंडाळून अर्धा ते एक तास ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच कामाला लागा. हातात धरलेला पातळ थेंब एखाद-दोन मिनिटांत पुन्हा लवचिक होतो. खरवडायची प्लॅस्टिकची पट्टी लावल्यावर ग्लू तुटण्याऐवजी वाकत असेल, तर थंडी कमी पडली आहे असं समजा आणि पुन्हा गार करा. जोर वाढवून हे सुटत नाही.

कापड: ओढू नका, वाकवा

समजा, सुती उशीच्या अभ्र्यावर नाण्याएवढा थेंब पडला आहे. फ्रीझरमधून काढल्यावर थेंबाच्या मधोमध कापड मागच्या बाजूला दुमडा. ग्लूला चीर जाते आणि कडा उचलल्या जातात. आता जुनं प्लॅस्टिकचं कार्ड किंवा लोण्याच्या बोथट सुरीची पाठ कापडाला जवळजवळ समांतर धरून कडेखाली सरकवा. धाग्यांच्या दिशेने सरकवा, आडवं नको. सरळ वर उचकटलं तर विणीतले धागे निघतात आणि तिथे गाठ किंवा भोक पडतं. मोठा तुकडा सहसा या टप्प्यावर निघून जातो. मागे उरतो तो धाग्यांत शिरलेला पातळ, चकचकीत थर, आणि अल्कोहोल त्याच्यासाठी आहे.

९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल घ्या. ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकीचं बहुतेक पाणी असतं, ते रेंगाळतं आणि कडेने वर्तुळ उमटवतं. सॅनिटायझरच्या जेलमध्ये घट्टपणासाठी इतर पदार्थ असतात, तेही मागे राहतात. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून पांढऱ्या कापसाने दाबून बघा. कापसाला रंग लागला तर अल्कोहोल तिथे वापरू नका. रंग पक्का असेल तर अभ्रा उलटा करा, डागाखाली कापसाची घडी ठेवा आणि मागच्या बाजूने थोडं थोडं अल्कोहोल टाका. वीस-तीस सेकंद थांबा, मग पुढच्या बाजूने पट्टीने कडेपासून मध्याकडे हलकेच खरवडा. अल्कोहोल लवकर उडतं, म्हणून सगळा डाग एकदम भिजवण्यापेक्षा एक-एक सेंटिमीटरचा भाग घ्या. तीन-चार फेऱ्यांमध्ये धागे पुन्हा मोकळे दिसायला लागतात.

एवढ्यावरही चकाकी राहिली, की लोक इस्त्री घेतात. कागद ठेवून इस्त्री केल्याने ग्लू कागदात उतरतो हे खरं, पण तो वितळून कापडात आणखी खोलही जाऊ शकतो. अल्कोहोलचा ओला डाग तर इस्त्रीखाली कधीच नेऊ नका. आयसोप्रोपिलची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, म्हणून काम चालू असताना ग्लू गनही बंद ठेवा आणि खिडकी उघडी. मखमल आणि सैल विणीचं कापड यांच्या बाबतीत मोठा तुकडा काढून थांबणं शहाणपणाचं. केसांत अडकलेला थर काढायच्या नादात लवच उपटली जाते.

लाकूड: ग्लूआधी पॉलिश ओळखा

इथली सगळ्यात महागडी चूक म्हणजे लाखेच्या, म्हणजे फ्रेंच पॉलिशच्या लाकडावर अल्कोहोल लावणं. ग्लू त्यात विरघळत नाही, पण लाख विरघळते. डाग पांढरट किंवा चिकट होतो आणि घासलं की पॉलिश कापसावर येतं. टेबलाच्या खालच्या बाजूला एक थेंब टाकून मिनिटभराने बोट लावा. चिकट लागलं तर बाटली बाजूला ठेवा आणि फक्त बर्फ व पट्टी यांवर काम करा. अशा ठिकाणी ग्लू निघाल्यावर खाली धूसर खूण दिसली, तर ती बहुधा गरम ग्लूच्या चटक्याची असते. ती घासून जात नाही, तिथे पॉलिश दुरुस्त करावं लागतं.

पॉलिश अल्कोहोलला टिकणारं असेल, तर पद्धत सोपी आहे. बर्फाची पिशवी पाच-दहा मिनिटं ठेवा, ओल पुसून कोरडं करा, प्लॅस्टिकची पट्टी तीस अंशांपेक्षा कमी कोनात कडेला लावा. कड जराशी उचलली गेली की इअरबडने तिथे दोन थेंब सोडा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. मग पट्टी रेषांच्या दिशेने पुढे ढकला. गुळगुळीत पृष्ठभागावरून थेंब अख्खा उचलून येतो, खालून बघितला तर लाकडाच्या रेषांचा छापही दिसतो. असा छाप दिसला म्हणजे मागे थर राहिलेला नाही. धातूची सुरी किंवा ब्लेड घेतलं की ग्लू निघतो, पण तिची टोकं पॉलिशवर ओरखडे काढतात.

कच्च्या लाकडात मात्र ग्लू छिद्रांत बसलेला असतो. वरचा भाग निघतो, छिद्रांतला राहतो. इथे लगेच सँडपेपर लावू नका. घर्षणाने ग्लू गरम होऊन पसरतो आणि कागद काही मिनिटांत भरून निकामी होतो. छिद्रांत अल्कोहोल टाकून अर्धं मिनिट थांबा, ताठ केसांच्या टूथब्रशने रेषांच्या दिशेने घासा, कोरडं झाल्यावर पट्टी फिरवा. हे दोन-तीनदा झालं आणि लाकूड बोटाला चिकट लागेनासं झालं, की मगच बारीक सँडपेपर हलक्या हाताने चालतो. छिद्रांत ग्लू उरला असेल तर नंतर रंग किंवा डाय लावल्यावर तो फिका ठिपका म्हणून उघडा पडतो. म्हणून रंगवण्याआधी तो भाग अल्कोहोलने ओला करून बघा. ओलं असताना जे ठिपके फिके दिसतात, तिथे अजून ग्लू आहे.