बसथांबा आणि टपरीचा रेंडर : माणसं ‘मोठी’ किंवा ‘तरंगती’ दिसत असतील तर या चुका टाळा

बसथांब्याच्या रेंडरमध्ये छत, बाक, जाहिरातीची चौकट सगळं नीट बनवलेलं असतं, तरी चित्र खोटं वाटतं. अशा वेळी बरेच जण मटेरियल आणि प्रकाश बदलत बसतात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा आणखी खाली असतो : माणसाच्या डोळ्यांची उंची आणि कर्बचे 15 सेंटिमीटर यांचा मेळ बसलेला नसतो. म्हणून बाकी काही बदलण्याआधी या दोन गोष्टी मोजून घ्या. पुढची उदाहरणं ब्लेंडरमधली आहेत, पण हिशेब कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू होतो.

सगळी डोकी एका रेषेत

कॅमेरा रस्त्यावर, जमिनीपासून 1.5 मीटरवर आणि अगदी समतल ठेवला आहे असं धरा. ब्लेंडरमध्ये `Rotation X` 90 अंश. आता क्षितिजरेषा जिथे जाईल, तिथे दृश्यातली प्रत्येक गोष्ट रस्त्यापासून बरोबर 1.5 मीटर उंच असते, मग ती जवळ असो की लांब. माणसं तपासायला याहून भरवशाची पट्टी नाही.

भारतातला प्रौढ पुरुष सरासरी 165 सेंटिमीटरच्या आसपास, स्त्री 152 च्या आसपास. डोळे डोक्याच्या टोकापासून साधारण 11-12 सेंटिमीटर खाली. थांब्यावर उभा असलेला माणूस रस्त्यावर नाही, 15 सेंटिमीटर उंच फुटपाथवर आहे. त्यामुळे पुरुषाचे डोळे रस्त्यापासून 168 सेंटिमीटरवर, म्हणजे क्षितिजरेषेच्या 18 सेंटिमीटर वर येतात. स्त्रीचे 6 सेंटिमीटर वर. 45 सेंटिमीटर उंचीच्या बाकावर बसलेल्या माणसाचे डोळे सुमारे 132 वर, म्हणजे रेषेच्या खाली. खऱ्या थांब्यावर डोकी अशी वरखाली असतात. रेंडरमध्ये सगळी डोकी एका रेषेत दिसली, तर एकाच उंचीची माणसं वापरली आहेत किंवा कर्ब विसरला गेला आहे.

तयार लायब्ररीतल्या आकृत्या अनेकदा 180-185 सेंटिमीटरच्या असतात. तशा चार उभ्या केल्या की थांब्याचं छत बुटकं वाटायला लागतं आणि आपण छत वर नेतो. तिथून सगळंच बिघडत जातं.

रेंडर झाल्यावरही तपासता येतं. फुटपाथवर उभ्या माणसाच्या पायांपासून क्षितिजरेषेपर्यंतचं अंतर पिक्सेलमध्ये मोजा. कॅमेरा 1.5 मीटरवर आणि फुटपाथ 0.15 वर, म्हणजे हे अंतर प्रत्यक्षात 1.35 मीटर आहे. समजा ते 300 पिक्सेल भरलं आणि तोच माणूस पायांपासून डोक्यापर्यंत 408 पिक्सेल भरला.

```
उंची = 408 / 300 × 1.35 = 1.84 मी
```

165 सेंटिमीटरच्या माणसासाठी ते 367 पिक्सेल असायला हवे होते. ही तपासणी कॅमेरा समतल असेल आणि रस्ता सपाट असेल तरच चालते. कॅमेरा तिरपा करून छत चौकटीत आणायचा मोह टाळा. `Shift Y` वापरा, म्हणजे खांबही सरळ राहतील. `Shift Y` दिल्यावर क्षितिजरेषा चित्राच्या मध्यावर राहत नाही, एवढं मोजताना ध्यानात ठेवा. कॅमेरा समोरच्या फुटपाथवर उभा करणार असाल तर रस्त्यापासून 1.65 मीटर धरा आणि सगळा हिशेब नव्याने करा.

कर्ब म्हणजे नुसती पायरी नव्हे

पादचारी सुविधांसाठीच्या भारतीय मार्गदर्शक सूचना, आयआरसी 103, कर्बची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर ठेवायला सांगतात. लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून साधारण 400 मिलिमीटरवर असतो. म्हणजे चढणाऱ्याला 25 सेंटिमीटरची पायरी मिळते. कर्ब 300 चा करून टाकला तर बसमध्ये चढणारी आकृती लगेच खोटी वाटते.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही. 2 मीटरचा मूळ क्यूब `S` ने ओढून 20 मीटर लांब, 150 मिलिमीटर उंच आणि तेवढाच रुंद केला, मग 20 मिलिमीटरचा बेव्हल लावला. पण कर्बची वरची कड सुरीसारखी धारदारच राहते. कारण स्केल लागू केलेलं नाही. बेव्हल मूळ क्यूबच्या मापात बसतो आणि मग 0.075 पटीने आक्रसून 1.5 मिलिमीटर उरतो. लांबीच्या टोकांना मात्र दहा पटीने ताणून 200 मिलिमीटर होतो. उपाय सोपा : `Ctrl+A`, `Scale`, आणि मग बेव्हल. कड जराशी गोल झाली की तिच्यावर उजेडाची बारीक रेघ धरते. त्या रेघेमुळेच फुटपाथ आणि रस्ता हे दोन वेगळे स्तर आहेत हे डोळ्याला कळतं.

20 मीटरचा अखंड कर्ब कधीच करू नका. एक दगड बनवून `Array` लावा आणि सांधे दिसू द्या. डोळा अंतर सांध्यांवरून मोजतो. पेव्हर ब्लॉकचंही तेच. 200 × 100 मिलिमीटरचे ब्लॉक असतील तर आखूड बाजूने एका मीटरमध्ये दहा बसले पाहिजेत. सहाच बसत असतील तर टेक्स्चर ताणलेलं आहे, आणि त्यावर उभी असलेली बरोबर उंचीची माणसंही लहान मुलांसारखी दिसतील.

टपरी कुठे ठेवायची

फुटपाथ 4 मीटरचा आहे असं धरू. छत बसच्या आरशाला लागू नये म्हणून थांबा कर्बपासून 0.5 मीटर आत, खोली 1.5 मीटर. मागे 2 मीटर उरतात. चालायला किमान 1.8 मीटर मोकळे हवेत, तेवढे आहेत. आता 1.2 मीटर खोलीची टपरी मागच्या कंपाउंडच्या भिंतीला, बरोबर थांब्यासमोर लावली की चालायला उरतात फक्त 80 सेंटिमीटर. मग आकृत्या एकमेकींत घुसतात आणि आपण त्या लहान करत बसतो.

टपरी थांब्याच्याच पट्ट्यात, बाजूला घ्या. 0.5 अधिक 1.2 म्हणजे 1.7; मागे 2.3 उरतात. गिऱ्हाइकाने अर्धा मीटर अडवला तरी 1.8 शिल्लक. बाजू मात्र विचार करून निवडा : येणारी बस दिसायला हवी. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे थांब्यावर रस्त्याकडे तोंड करून उभ्या माणसाला बस उजवीकडून येते. समोरच्या बाजूने पाहणाऱ्या कॅमेऱ्यात ती डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून टपरी चित्रात थांब्याच्या उजवीकडे हवी.

पानवाल्याला टपरीत उभं करू नका. तो फळीवर मांडी घालून बसतो. फळी 75-80 सेंटिमीटरवर घेतली तर त्याचे डोळे समोर उभ्या गिऱ्हाइकाच्या जवळपास येतात. फळी जमिनीलगत ठेवली तर तो खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो, आणि उभा केला तर डोकं पत्र्याला टेकतं.

बसचं दार

बाहेरून उतरवलेल्या बसच्या मॉडेलमध्ये दारं पुष्कळदा उजव्या बाजूला असतात, कारण ती उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेली असतात. `X` अक्षावर मिरर केलं की दार डावीकडे येतं, पण पाटीवरची अक्षरंही उलटी होतात. पाटी, नंबरप्लेट आणि जाहिरात आधी वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये काढा, मग उरलेली बस मिरर करा, आणि नंतर `Normals` तपासा. पृष्ठभाग उलटे झाले असतील तर `Shift+N` ने सरळ होतात. बस कर्बला लावल्यावर दार थांब्याच्या बाकासमोर न येता मोकळ्या जागेसमोर येतं का, तेही वरून पाहून घ्या. चढणाऱ्याला बाकाला वळसा घालून जावं लागत असेल तर बस मीटरभर पुढे सरकवा.