अग्निशामकाचा व्हिडिओ जुन्या क्लिप्समधून जोडताना

कामगारांना आग विझवायचा सिलिंडर वापरायला शिकवणारा व्हिडिओ करायचा, तर हाताशी असलेल्या प्रात्यक्षिकांच्या क्लिप्समध्ये पावडरचा आणि सीओटूचा सिलिंडर सरमिसळ होतो, तो आधी वेगळा करा. पावडरच्या सिलिंडरला 'नळी धरा' ही पडद्यावरची ओळ ठीक. तीच सीओटूच्या क्लिपवर गेली तर कोणीतरी वायू सोडणारा भोंगा उघड्या हाताने पकडेल आणि थंडीने हात भाजेल. व्हिडिओ ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या अंधेरीच्या गाळ्यात विजेच्या पॅनेलजवळ सीओटूच टांगलेला असेल, तर क्लिपही त्याचीच हवी.

प्रात्यक्षिक दाखवणारा सराईत असतो, पिन ओढून दांडा दाबेपर्यंत डोळ्याचं पातं लवतं. म्हणून कृतीआधीची फ्रेम दोन-तीन सेकंद गोठवा, ओळ तिथे दाखवा आणि मग क्लिप सोडा. ओळ कृतीनंतर आली की माणूस वाचत बसतो, हात पाहायचे राहतात. एका वेळी एकच क्रिया: 'पिन ओढा', 'ज्वाळेच्या बुडाशी रोखा', 'दांडा दाबा', 'डावी-उजवीकडे फिरवा'. ओळी तळाशी चिकटवू नका, मोबाइलवर तिथे व्हिडिओची पट्टी येते. लोकलमध्ये आवाज बंद करून पाहणारेच जास्त, तेव्हा निवेदनावर विसंबू नका.

शेवटच्या उजळणीत त्याच चार गोठवलेल्या फ्रेम आणि शब्दशः त्याच ओळी. 'रोखा'चं तिथे 'नेम धरा' केलंत, की कामगाराला ती पाचवी पायरी वाटते.