फोन नंबर छापायला देण्याआधी

लग्नपत्रिका असो की दुकानाची पाटी, फोन नंबर मी गिऱ्हाइकाकडून तोंडी घेत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून मागवते. मोबाइलचे आकडे दहा भरतात का, पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९ आहे का, एवढं आधी बघून घ्यायचं.

मग आकडे मराठी की इंग्रजी ते ठरवायचं. तिथी, तारीख, मुहूर्त मराठीतच शोभतात, आणि तिथे वार असतो, 'दुपारी' असतं, त्यामुळे वाचणारा सहसा चुकत नाही. फोन नंबराला असा आधार नसतो. शिवाय मराठी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ हा 8 सारखा. नंबराच्या शेवटी ४१४११ असेल, तर मराठी आकड्यांची सवय नसलेला माणूस बिनधास्त 89899 लावतो. बारीक टायपात तर मराठी वाचणाराही फसतो, कारण ९ ला १ पासून वेगळा करणारा छोटा फाटा शाईने बुजतो. मरून कागदावर सोनेरी छपाई असली की हे हमखास होतं. म्हणून टाइप बारीक असेल, व्याही कर्नाटकातले असतील किंवा पाटी चालत्या गाडीतून वाचायची असेल, तर नंबर इंग्रजी आकड्यांत घ्या. गावच्या कार्यक्रमाची पत्रिका चौदा पॉइंटात असेल तर मराठी आकडे जरूर ठेवा, छान दिसतात. पण दोन्ही प्रकारचे आकडे एका पत्रिकेतल्या नंबरांत मिसळू नका. मग समोरचा १ आहे की 9, हे सांगायला काहीच उरत नाही.

आकडे बदलताना फॉन्टकडे लक्ष हवं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये कळ तीच असते, फक्त रूप मराठी दिसतं, त्यामुळे इंग्रजी फॉन्ट लावला की काम होतं. युनिकोडमध्ये १ आणि 1 ही वेगळी अक्षरं आहेत. फॉन्ट बदलून काही होत नाही, 'शोधा आणि बदला' वापरावं लागतं. नंबर पुन्हा हाताने टाइप करायचा टाळा, तिथेच आकड्यांची अदलाबदल होते. दहा आकडे पाच-पाचच्या दोन गटांत ठेवा आणि मधली जागा न तुटणारी घाला, नाहीतर अर्धा नंबर खालच्या ओळीत जातो.

पाटीसाठी आमचा हिशोब दहा फुटांना एक इंच उंचीचा. रस्त्यापलीकडून, चाळीस फुटांवरून वाचायचं तर आकडा चार इंची. तोच एक दशांश मापात कागदावर छापून चार फुटांवरून बघा, डोळ्याला तेवढाच दिसेल.

शेवटचं प्रूफ आलं की स्क्रीनवरून नाही, कागदावरून नंबर लावायचा, आणि तोही मजकूर न जुळवलेल्या माणसाने. ज्याचा नंबर आहे त्याचाच फोन वाजला की मी फाइल छापायला सोडते.