अडकलेला क्लेम: अकाउंट्सला लिहिलेला दुसरा मेल

नोकरीतल्या पहिल्याच दौऱ्याचा क्लेम मी ३ जूनला भरला. हॉटेल ५,२००, रेल्वे २,३४०, टॅक्सी ९२०, एकूण ८,४६०. मॅनेजरांनी १० जूनला मंजूर केला. आमच्याकडे मंजुरीपासून कामाच्या १५ दिवसांत पैसे खात्यात येतात, म्हणजे १ जुलैपर्यंत यायला हवे होते. आले नाहीत. "माझे पैसे अजून आले नाहीत, कृपया बघावे" एवढाच मेल मी २ तारखेला केला. उत्तर आलं नाही.

शेजारी बसणाऱ्या ताई आधी अकाउंट्समध्ये होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, रोज असे कितीतरी मेल येतात. नंबर नसेल तर आधी तुझा क्लेम शोधावा लागतो, म्हणून तो मेल मागे पडतो." मग ३ तारखेला त्याच मेलखाली मी हे लिहिलं:

"नमस्कार, क्लेम क्र. २२१७, एम्प्लॉयी कोड १०४८. २६ ते २८ मेचा दौरा, रक्कम ८,४६०. ३ जूनला सादर, १० जूनला मंजूर. सिस्टिममध्ये स्टेटस 'मंजूर' दिसतं, पण पैसे जमा झालेले नाहीत. काही कागद कमी आहे का? सगळं ठीक असेल तर हा क्लेम १० जुलैच्या पेमेंटमध्ये धरला जाईल का, हे सोमवार, ७ जुलैपर्यंत कळवाल का? बिलं पुन्हा जोडली आहेत."

७ तारीख मी अशीच टाकली नव्हती. आमच्याकडे पेमेंट दर गुरुवारी निघतं आणि त्याची यादी मंगळवारी बंद होते. सोमवारी कळलं तर कमी असलेला कागद द्यायला एक दिवस मिळतो. "लवकरात लवकर" लिहिलं असतं, तर यातलं काहीच पकडता आलं नसतं. तुमच्या ऑफिसात पेमेंटचा वार कोणता, हे आधी विचारून घ्या.

तासाभरात उत्तर आलं. हॉटेलचं म्हणून मी जोडलेला कागद बुकिंग कन्फर्मेशन होता, चेकआउटनंतरचं अंतिम बिल नव्हतं. त्या एका कागदामुळे रेल्वे-टॅक्सीचे पैसेही थांबले होते, कारण आमच्या सिस्टिममध्ये क्लेम तुकड्यांनी सुटत नाही. त्यांनी तशी शंका क्लेमच्या 'रिमार्क्स'मध्ये १६ जूनलाच लिहून ठेवली होती. मी फक्त वरचं 'मंजूर' वाचत होते. ते मॅनेजरांच्या मंजुरीचं होतं, अकाउंट्सची तपासणी त्यानंतर होते. तेव्हा मेल करण्याआधी क्लेम पूर्ण उघडून खालपर्यंत वाचा.

मॅनेजरांना मी सीसीमध्ये घेतलं नव्हतं, आणि ते बरंच झालं. दिलेली तारीख उलटून गेली असती, तर त्याच मेलवर त्यांना घेतलं असतं. पहिल्याच विचारणीत वरिष्ठांना घेतलं की समोरच्याला ती तक्रार वाटते.

अंतिम बिल हॉटेलकडून मागवून ४ तारखेला क्लेमलाच जोडलं आणि "बिल जोडलं आहे, क्लेम क्र. २२१७" असं एका ओळीत कळवलं. १० जुलैला पूर्ण ८,४६० जमा झाले.